नाव पहिल्या ओळीत टाका, पण दादांच्या पोर्टलवरच्या नोंदीनंतर

*ताई, मी भोसरीत प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं क्वालिटीला आहे. माझ्यासोबत तीन वर्षं काम केलेला एक सीनियर, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका मोठ्या कंपनीत गेला. तिथे सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली आहे. दादाने रिक्रूटरचा मेल आयडी पाठवला आणि म्हणाला, “बिनधास्त माझं नाव टाक.” आता मेल लिहायला बसलो तर हात थांबलाय. सुरुवातीलाच त्याचं नाव घेतलं तर वशिला लावतोय असं वाटेल, शेवटी घेतलं तर कोण वाचणार? दादाला सीसीमध्ये ठेवू का? कंपनीच्या साइटवर अर्ज अजून भरलेला नाही, तो आधी भरून टाकू का?*
*– एक वाचक, भोसरी*

बरं झालं, अर्ज भरण्याआधी विचारलंत. नाव कुठे टाकायचं याचं उत्तर सोपं आहे, पहिल्या ओळीत. घोळ होतो तो अर्ज आणि रेफरल यांच्या क्रमात, आणि तो एकदा झाला की मेल कितीही नेटका लिहा, निस्तरायला फार जड जातं. म्हणून आधी क्रमाचं सांगते.

मोठ्या कंपनीत भरतीचं सगळं काम एका सॉफ्टवेअरवर चालतं. कुठे वर्कडे असतं, कुठे सक्सेसफॅक्टर्स, कुठे डार्विनबॉक्स. नाव काहीही असो, आतली रचना साधारण सारखीच. प्रत्येक उमेदवाराची एक नोंद असते आणि त्या नोंदीत एक रकाना असतो: हा माणूस आपल्याकडे आला कुठून? कंपनीच्या साइटवरून, नोकरीच्या एखाद्या पोर्टलवरून, कन्सल्टन्सीकडून, की आपल्याच कर्मचाऱ्याने सुचवला म्हणून? बहुतेक ठिकाणी हा रकाना तुमची नोंद पहिल्यांदा होते तेव्हाच भरला जातो. आणि तुम्ही आधीच नोंदलेले आहात की नाही हे सॉफ्टवेअर ओळखतं मुख्यतः मेल आयडी आणि मोबाइल नंबरवरून.

आता समजा, तुम्ही आज रात्री साइटवर अर्ज भरलात आणि उद्या दादा त्यांच्या आतल्या पोर्टलवर तुमचं नाव टाकायला गेले. पडद्यावर येतं की हा उमेदवार आधीच आपल्याकडे आहे. काही कंपन्यांत रिक्रूटर हाताने दुरुस्ती करू शकतो, बऱ्याच ठिकाणी नियमच असा असतो की आधीची नोंद ग्राह्य. मग तुम्ही मेलमध्ये लिहिता “दादांच्या रेफरलने अर्ज करत आहे”, रिक्रूटर नोंद उघडतो, तर तिथे रकान्यात साइटचं नाव. तुम्ही खोटं बोललेला नाहीत, पण पहिल्याच भेटीत कागद आणि बोलणं जुळलं नाही. शिवाय रेफर केलेला माणूस रुजू होऊन ठरावीक महिने टिकला की कर्मचाऱ्याला बोनस मिळतो, त्यावरही दादांना पाणी सोडावं लागतं. ते बोलून दाखवणार नाहीत, पण त्यांचा हक्क तुमच्या घाईमुळे का जावा?

तेव्हा योग्य क्रम असा. दादा आधी त्यांच्या पोर्टलवर नेमक्या त्या जागेच्या जॉब आयडीसमोर तुमची नोंद करतात आणि रेझ्युमे चढवतात. बहुतेक सॉफ्टवेअर मग तुम्हाला आपोआप एक मेल पाठवतं, त्यात अर्जाची लिंक असते. त्याच लिंकवरून अर्ज पुरा करायचा. अर्जात `How Did You Hear About Us?` अशा अर्थाचा प्रश्न आला तर कर्मचारी-रेफरलचा पर्याय निवडायचा. हे सगळं झाल्यावर रिक्रूटरला मेल. दोन-तीन दिवस गेले आणि आपोआप येणारा मेल आलाच नाही, तर स्पॅम बघा आणि दादांना विचारा की मेल आयडी कोणता टाकला होता. एखादा टिंब इकडचा तिकडे झालेला असतो. दादांनी एक आयडी दिला आणि तुम्ही अर्ज दुसऱ्याने भरलात, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं. म्हणून दादांना मेल आयडी, मोबाइल आणि रेझ्युमे स्वतः लिहून पाठवा आणि सगळीकडे तेच वापरा. त्यांच्याकडे तुमचा दोन वर्षांपूर्वीचा रेझ्युमे पडलेला असेल आणि ते तोच चढवून मोकळे होतील, हेही मी पाहिलं आहे.

या क्रमात आणखी एक खड्डा आहे, कन्सल्टन्सीचा. गेल्या काही महिन्यांत कुणी फोन करून “चाकणला एक चांगली ओपनिंग आहे, प्रोफाइल पाठवू का?” असं विचारलं होतं आणि तुम्ही “पाठवा” म्हणाला होतात का, ते आठवून बघा. कंपनीचं नाव त्यांनी सांगितलंही नसेल. त्यांनी तुमची प्रोफाइल याच कंपनीला दिली असेल, तर करारातल्या मुदतीपर्यंत तुम्ही त्या कन्सल्टन्सीचे उमेदवार धरले जाता. मी भरती विभागात होते तेव्हा एक मुलगा असाच तीन वाटांनी आला होता: कन्सल्टन्सी, रेफरल आणि साइट. मुलगा चांगला होता, पण त्याची फी कन्सल्टन्सीला द्यायची की बोनस आमच्या माणसाला, यावर तीन आठवडे मेलामेली चालली. तेवढ्यात प्लँट हेडने दुसऱ्याला ऑफर दिली. त्या मुलाला आपण का राहिलो हे आजही माहीत नसेल. तसा काही फोन येऊन गेला असेल तर आधी त्या माणसाला विचारा की प्रोफाइल नेमकी कुठे गेली, आणि गेली असेल तर दादांना आणि रिक्रूटरला आधीच सांगा.

आता दादांचं “बिनधास्त माझं नाव टाक”. मोठ्या मनाचं वाक्य आहे, पण त्याचे निदान तीन अर्थ निघतात. एक: मी तुझी नोंद पोर्टलवर करतो, कुणी विचारलं तर तुझ्या कामाबद्दल सांगतो. दोन: नोंद वगैरे माहीत नाही, पण विचारलं तर ओळखतो म्हणून सांगेन. तीन: जागा निघाल्याचं तुला कळवलं, बाकी तुझं तू बघ. या तिन्हींसाठी मेलमधलं वाक्य वेगवेगळं होतं. तेव्हा गृहीत धरू नका, विचारा. फोनवर विचारलंत तर दादा पुन्हा “अरे टाक रे” म्हणतील, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. काहीसं असं:

“दादा, त्या जागेसाठी मेल करतोय. पोर्टलवर माझी नोंद तू करणार आहेस ना? झाली की कळव, मग मी मेल टाकतो. मेलमध्ये लिहिणार आहे की आपण तीन वर्षं एकत्र होतो आणि ब्रॅकेटच्या रिजेक्शनवर सोबत काम केलं. रिक्रूटरने तुला विचारलं तर चालेल ना? आणि ही जागा कुणाच्या हाताखाली आहे, तुझ्याच टीममध्ये का?”

शेवटचा प्रश्न उगाच नाही. दादा स्वतः मुलाखत घेणाऱ्यांत असतील किंवा जागा त्यांच्याच हाताखालची असेल, तर बऱ्याच कंपन्यांत त्यांना रेफरल बोनस मिळत नाही आणि निवडीतून बाजूला व्हावं लागतं. तसं असेल तर मेलमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं बरं. नातेवाईक असता तर नातं सांगणं भागच होतं, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

वशिल्याची भीती मला समजते. आपल्याकडे “कुणाच्या ओळखीने आलास?” हा प्रश्न कधी कौतुकाने विचारला जात नाही. पण वशिला चालतो तो आडून, कुणाला कळू न देता, आणि कामाची पात्रता बाजूला ठेवून. इथे कंपनीनेच आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलेलं असतं की चांगली माणसं सुचवा. त्यासाठी पोर्टल असतं, फॉर्म असतो, पैसेही ठेवलेले असतात. तुम्ही नाव लपवलंत तर उलट रिक्रूटरचं काम वाढतं, कारण रेफरलच्या नोंदी त्याला वेगळ्या बघायच्या असतात आणि सुचवणाऱ्याला उत्तरही द्यायचं असतं.

पहिल्या ओळीचं कारण तर अगदी साधं आहे. माझ्याकडे एका वेळी पंचवीस-तीस जागा असायच्या आणि निम्मे मेल मी कॅबमध्ये, मोबाइलवर बघायचे. मोबाइलवर दिसतं काय? पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि मजकुराची पहिली दीड ओळ. त्या दीड ओळीत “आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळावी” असं असेल तर मेल “नंतर बघू” मध्ये जातो, आणि ते “नंतर” सहसा येत नाही. त्याच जागी आमच्या माणसाचं नाव आणि जॉब आयडी दिसला की मी थांबायचे, कारण मग काय करायचं ते मला माहीत असायचं: नोंद उघडायची, रेझ्युमे बघायचा. मेलमधल्या रेफरलच्या उल्लेखाने एवढंच होतं. तुमचा रेझ्युमे नक्की उघडला जातो. जागेला पाच वर्षांचा अनुभव हवा आणि तुमचा दोनच असेल, तर दादांच्या नावाने ते तीन वर्षांचं अंतर भरत नाही. मुलाखतीला बसलेल्या माणसाला तर बहुतेक वेळा तुम्ही रेफरलने आलात हे ठाऊकही नसतं.

पहिल्या मेलचे जे नमुने माझ्याकडे यायचे त्यातला एक इथे थोडा बदलून देते. मेल इंग्रजीत जातात आणि तुमचाही इंग्रजीतच जाईल, पण मराठीत मांडलं की कुठलं वाक्य कशासाठी आहे ते स्वच्छ दिसतं.

“आदरणीय महोदय, आपल्या कंपनीतील वरिष्ठ अधिकारी श्री. अमुक, एम्प्लॉयी आयडी तमुक, मोबाइल नंबर अमुक, यांनी माझी जोरदार शिफारस केली असून मी या पदासाठी अत्यंत योग्य असल्याचे त्यांचे मत आहे. तरी कृपया मुलाखतीची वेळ कळवावी.”

यात चुका किती? “वरिष्ठ अधिकारी” हे तुम्ही ठरवलेलं. रिक्रूटर त्यांचं पद आतल्या डिरेक्टरीत दोन सेकंदांत बघतो आणि ते निघतात असिस्टंट मॅनेजर. एम्प्लॉयी आयडी आणि मोबाइल नंबर विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती दिला. रिक्रूटरला दोन्ही आतून मिळतात, तुम्ही द्यायची गरजच नाही. “जोरदार शिफारस” हा शब्द दादांच्या तोंडचा आहे का? नसेल तर तो त्यांच्या तोंडी घालू नका. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दादा तुम्हाला कशावरून ओळखतात हे कुठेच नाही. सोसायटीतले शेजारी? क्रिकेटच्या टीममधले? कामावरची ओळख आणि बाकीची ओळख यांची किंमत रिक्रूटरच्या लेखी वेगळी असते, आणि सांगितलं नाही तर तो दुसरीच धरतो.

आता तुमच्या पत्रावरून मी असा मेल लिहीन. आकडे आणि कामं मी अंदाजाने घातली आहेत, तुम्ही तुमची खरी घाला.

विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, जॉब आयडी अमुक, रेफरल: (दादांचं पूर्ण नाव)

“नमस्कार, तुमच्या सप्लायर क्वालिटी विभागातल्या (दादांचं पूर्ण नाव) यांनी या जागेसाठी १२ तारखेला पोर्टलवर माझी रेफरल नोंद केली आहे आणि त्या लिंकवरून मी अर्ज पूर्ण केला आहे. आम्ही तीन वर्षं भोसरीच्या एका प्रेस पार्ट कंपनीत एकाच क्वालिटी टीममध्ये होतो.

मला क्वालिटीचा पाच वर्षांचा अनुभव आहे. प्रोग्रेसिव्ह डायवरच्या पार्टसाठी पीपॅपची फाइल मी स्वतः तयार करतो, गेल्या वर्षी अशा चार फाइली ग्राहकाकडून मंजूर झाल्या. एका ब्रॅकेटच्या भोकाचं अंतर वारंवार बाहेर जात होतं. त्याचा एटडी अहवाल आम्ही दोघांनी मिळून केला, मूळ कारण डायमधल्या पायलट पिनच्या झिजेत सापडलं आणि तपासणीचा क्रम बदलल्यावर त्या दोषाची तक्रार पुन्हा आली नाही.

नोटीस पिरियड ६० दिवस आहे. रेझ्युमे जोडला आहे. माझ्या सध्याच्या कंपनीला या अर्जाबद्दल कळवू नये ही विनंती.”

एवढंच. पहिल्या परिच्छेदात रेफरलचं सगळं संपलं: कोण, कुठल्या विभागातले, नोंद कधी झाली, ओळख कशी. त्यानंतर दादांचं नाव पुन्हा आलेलं नाही, फक्त “आम्ही दोघांनी” एवढं आलं आहे, आणि ते जाणूनबुजून. कारण रिक्रूटर पुढे काय करतो माहीत आहे? टीम्सवर दादांना एक ओळ टाकतो: “अमुक मुलाला ओळखता का? कसा आहे?” त्या क्षणी दादा मीटिंगमध्ये असतात आणि घाईत उत्तर देतात. तुम्ही मेलमध्ये ब्रॅकेटचं लिहिलं आहे हे त्यांना माहीत असेल तर ते म्हणतील, “हो, तीन वर्षं सोबत होता, एटडी नीट करतो, त्या ब्रॅकेटच्या केसमध्ये डाय उघडायला त्यानेच लावलं होतं.” माहीत नसेल तर म्हणतील, “हो, चांगला मुलगा आहे.” “चांगला मुलगा आहे” यावर मी कधी कुणाला पुढे पाठवल्याचं आठवत नाही. म्हणून पाठवायच्या आधी मेलचा मसुदा दादांना दाखवा, आणि दादा स्वतः सांगणार नाहीत असं एकही वाक्य त्यांच्या नावाजवळ ठेवू नका.

दादा दुसऱ्या अर्थाने “टाक” म्हणाले असतील, म्हणजे ओळख सांगतील पण पोर्टलवर नोंद करणार नाहीत, तर पहिलं वाक्य असं होईल: “तुमच्या विभागातल्या अमुक यांच्याकडून या जागेबद्दल कळलं, आम्ही तीन वर्षं एकत्र काम केलं आहे आणि त्यांच्या संमतीने त्यांचं नाव इथे देत आहे.” यात रेफरल हा शब्द नाही, विषयाच्या ओळीतही नको. कंपनीच्या भाषेत रेफरल म्हणजे पोर्टलवरची नोंद. नोंद नसताना तो शब्द वापरलात तर रिक्रूटर शोधत बसेल आणि सापडणार नाही. तिसऱ्या अर्थाने म्हणाले असतील तर नाव टाकूच नका, कामावरच लिहा.

मसुद्यातल्या शेवटच्या विनंतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या पत्रात मला खटकली ती हीच जागा. तुम्ही अर्ज करताय सप्लायर क्वालिटीसाठी, म्हणजे पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन ऑडिट करणारी माणसं. चाकणची ही कंपनी तुमच्या भोसरीच्या कंपनीची ग्राहक आहे का? प्रेस पार्टच्या धंद्यात ते अगदी शक्य आहे, आणि दादा तिकडे कसे पोचले यावरूनही तशी शंका येते. तसं असेल तर दोन गोष्टी बदलतात. पहिली, पुरवठादाराची माणसं घ्यायची नाहीत किंवा पुरवठादाराशी बोलून मगच घ्यायची, असा संकेत काही कंपन्या पाळतात. तो तिथे आहे का, हे रिक्रूटरला मेल करण्याआधी दादांना विचारा. दुसरी, रिक्रूटर त्या विभागातल्या ज्या माणसाला तुमचा रेझ्युमे दाखवेल, तो पुढच्या मंगळवारी तुमच्याच प्लँटला ऑडिटला येणारा असू शकतो. तो तुमच्या साहेबांसमोर सहज म्हणून जातो, “तुमचा एक मुलगा आमच्याकडे येतोय वाटतं.” हे मी घडलेलं पाहिलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या मुलाची वाढ त्या वर्षी थांबली.

म्हणून ती गुप्ततेची ओळ मेलमध्ये हवी आणि दादांनाही तोंडी सांगायला हवी. त्याच कारणाने ग्राहकांची नावं, पार्ट नंबर, ड्रॉइंग आणि ग्राहकाचे पीपीएमचे आकडे मेलमध्ये घालू नका. ती माहिती तुमच्या कंपनीची आहे. आणि क्वालिटीसाठी माणूस निवडणारा हेही बघतो की हा दुसऱ्याची माहिती किती सहज बाहेर काढतो. मेल अर्थातच स्वतःच्या खासगी आयडीवरून जाऊ द्या, कंपनीच्या लॅपटॉपवरून नको.

सीसीचं विचारलंत. ठेवू नका. एकदा दादा सीसीत आले की रिक्रूटर “सगळ्यांना उत्तर” दाबून तुम्हाला सध्याचा पगार आणि अपेक्षा विचारतो, आणि तुमचा पगार दादांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. दुसरं म्हणजे रिक्रूटरला दादांकडून खरं मत हवं असतं, ते उमेदवार ऐकत असताना मिळत नाही. बीसीसीही नको. दादांनी चुकून “सगळ्यांना उत्तर” दाबलं तर रिक्रूटरला कळतं की ते लपून वाचत होते. मेल गेला की व्हॉट्सअ‍ॅपवर दादांना “आत्ता टाकला” एवढं कळवा. अपवाद एकच, दादांनी स्वतःच रिक्रूटरला मेल करून तुमची ओळख करून दिली आणि तुम्हाला सीसीत ठेवलं, तर. मग त्याच मेलला उत्तर द्या, पहिल्या ओळीत दादांचे आभार माना आणि पुढच्या उत्तरापासून त्यांना वगळा.

पगाराचा आकडा पहिल्या मेलमध्ये लिहू नका, जाहिरातीत मागितला असेल तरच द्या. नोटीस पिरियड मात्र लिहा, तो पहिल्या फोनवर विचारला जातोच.

मेल गेल्यावर सात-आठ कामाचे दिवस काही झालं नाही तर त्याच मेलवर एकदा आठवण करा. दोन ओळी पुरेत, जॉब आयडी पुन्हा लिहा आणि दादांचं नाव पुन्हा नको. त्यानंतरही शांतता असेल तर दादांना सांगा की पोर्टलवर स्थिती काय दिसते ते बघ. त्यांना सहसा एवढंच दिसतं की अर्ज विचाराधीन आहे की बंद झाला. त्यापलीकडे त्यांना साहेबांकडे पाठवू नका. “जरा बघा ना” म्हणत दादा दोनदा विभागप्रमुखाच्या टेबलापाशी उभे राहिले, की तुम्हाला ज्याची भीती वाटत होती तो वशिला तिथून सुरू होतो.

आणि दादा सध्या स्वतःच नोटीसवर नाहीत ना, हेही विचारून घ्या. हसू नका. दोन वर्षं झालेला माणूस पुढची उडी मारायच्या बेतात असणं आपल्याकडे नवीन नाही, आणि जुन्या सहकाऱ्याला जागा कळवायची आठवण बऱ्याचदा तेव्हाच होते. राजीनामा दिलेला असेल तर अनेक ठिकाणी पोर्टलवरची नोंद चालत नाही. मग त्यांच्या टीममधल्या दुसऱ्या कुणाला गाठू नका, जो तुम्हाला ओळखत नाही त्याच्या नोंदीने तुमचं काही भलं होणार नाही. साइटवरून सरळ अर्ज भरा, तोच मेल पहिला परिच्छेद बदलून पाठवा, आणि ब्रॅकेटची केस आता पहिल्या ओळीत आणा.

– ताई